गावाच्या पाणी प्रस्तावाचं इंग्रजी: आकडे जुळवताना अडलोय

खिलार

नमस्कार मंडळी. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. 212 उंबरे, 1,040 माणसं. गावच्या नोंदणीकृत संस्थेने पाझर तलावाच्या कामाचा प्रस्ताव मराठीत लिहिलाय. तो एका कंपनीच्या सीएसआर निधीसाठी पाठवायचा आहे आणि अर्ज इंग्रजीतच लागतो. मी पुण्यात नोकरीला, बी.कॉम. झालेला, म्हणून काम माझ्याकडे आलं. मुदत जानेवारी अखेर.

वाक्यं करतोय, पण अर्जात प्रत्येक खर्चापुढे परिमाण, दर आणि रक्कम अशा तीन चौकटी आहेत. शेवटी "मोजता येतील असे परिणाम" लिहायचे आहेत. आमचा मराठी मजकूर असा आहे:

पाझर तलावातील गाळ काढणे, 6,000 ब्रास, दर 100 रु., 6,00,000. सांडवा दुरुस्ती, 2,40,000. पिण्याच्या विहिरीजवळ पुनर्भरणाचे दोन शाफ्ट, 1,70,000. किरकोळ व इतर, 1,50,000. एकूण 11,60,000. कालावधी सहा महिने. साठवण क्षमता 17 टीएमसीने वाढेल. परिणाम: भूजल पातळीत भरीव वाढ होऊन गावाचा पाणीप्रश्न कायमचा सुटेल, महिलांचा त्रास वाचेल.

पाझर तलावाला मी "लीकिंग टँक" आणि सांडवा दुरुस्तीला "लीकेज रिपेअर" लिहिलंय. बरोबर आहे का? आणि ब्रासला इंग्रजीत काय म्हणतात?

तात्या_बार्शी

आधी ग्रामसभेच्या ठरावाचं भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून घ्या. भाषांतरकाराचं शपथपत्र स्टँपवर लागतं. माझ्या भाच्याच्या व्हिसाच्या वेळी आम्ही तसंच केलं होतं, नाहीतर कागद परत येतात.

रेवती_दे

तात्या, व्हिसाच्या कागदांना ते लागतं. इथे प्रस्ताव संस्थेचाच आणि इंग्रजीही संस्थेचंच, त्यामुळे साक्षांकनाचा प्रश्न येत नाही. ठराव मराठीत जोडून खाली इंग्रजी सारांश दिला तरी बहुतेक ठिकाणी चालतं.

खिलार, मी एका ट्रस्टसाठी असे अर्ज वाचायचं काम सात वर्षं केलं, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते. पाझर तलाव म्हणजे "पर्कोलेशन टँक". सांडवा म्हणजे "स्पिलवे", आपल्याकडचे इंजिनिअर "वेस्ट वेअर" म्हणतात, दोन्ही चालेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून वाचणाऱ्याला वाटेल की गावाकडे गळकी टाकी आहे आणि तिची गळती थांबवायची आहे. प्रत्यक्षात तुम्हाला त्या तलावातून पाणी जमिनीत मुरायलाच हवंय. म्हणजे अर्थ थेट उलटा झाला.

ब्रास हा शब्द तसाच इंग्रजीत ठेवलेला एक अर्ज माझ्याकडे आला होता. समितीतल्या एका बाईंनी समासात लिहिलं होतं, "तलावाच्या कामाला एवढं पितळ कशाला?" त्या मुंबईत वाढलेल्या, हिशोबात पक्क्या, पण बांधकामाशी संबंध आलेला नाही. अर्ज स्पष्टीकरणासाठी परत गेला आणि त्या फेरीची मुदत हुकली.

दुसरं, मराठीत आपण "अंदाजपत्रक" दोन गोष्टींना म्हणतो. इंजिनिअरने मापं घेऊन काढलेलं ते "एस्टिमेट", संस्था अर्जात मागते ते "बजेट". बजेटची प्रत्येक ओळ एस्टिमेटमधल्या कुठल्या ओळीवर उभी आहे ते वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आकडेमोड

ब्रास सोपं आहे. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट म्हणजे 2.83 घनमीटर. 6,000 ला 2.83 ने गुणा, 16,980 घनमीटर झाले. दर 100 भागिले 2.83, म्हणजे 35.34 रुपये. टाका चौकटीत आणि मोकळे व्हा.

परिणामही याच आकड्यातून निघतो. 16,980 म्हणजे ढोबळ 17,000 घनमीटर जास्तीचं पाणी. जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटर धरलं तर 1,040 माणसांना 57,200 लिटर, म्हणजे 57.2 घनमीटर. 17,000 भागिले 57.2 म्हणजे 297 दिवस. लिहून टाका की गावाला 297 दिवसांचं पाणी मिळेल. याहून मोजता येण्यासारखं काय असणार?

मोजणीदार

मी लघुसिंचनाकडे 31 वर्षं होतो, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. आकडेमोड यांचं ब्रासचं रूपांतर बरोबर आहे. पुढच्या दोन्ही गोष्टींत खोट आहे, ती नीट सांगतो.

पहिली गोष्ट दराची. 16,980 ला 35.34 ने गुणून बघा, 6,00,073 येतात. तुमच्या ओळीत 6,00,000 आहेत. फरक 73 रुपयांचा, पण अर्ज ऑनलाइन असेल तर रक्कम तिथेच गुणून येते आणि मग खालची बेरीज चुकते. म्हणून मशीनवाल्याकडून दरपत्रकच घनमीटरमध्ये मागा. 35 रुपये घनमीटर म्हणाला तर 17,000 गुणिले 35, सरळ 5,95,000.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे हे ब्रास कुठे मोजलेत? खड्ड्यात की ट्रॉलीत? गाळ खणला की फुगतो. जागेवरचा एक ब्रास ट्रॉलीत सव्वा ब्रासच्या आसपास भरतो. गावात ट्रॉल्या मोजतात, कारण ते सोपं. 6,000 ट्रॉल्या गेल्या म्हणजे तलाव 6,000 ब्रासने खोल झाला असं धरतात. तो तेवढा झालेला नसतो. काम संपल्यावर कंपनीचा माणूस लेव्हल लावून मोजेल आणि त्याला बाराशे ब्रास कमी सापडतील. कोणी चोरी केलेली नसते, पण तसं दिसतं. म्हणून कामाआधी तलावाचे छेद घ्या, म्हणजे ठरावीक रेषांवर तळाची उंची मोजा, काम झाल्यावर त्याच रेषांवर पुन्हा घ्या, आणि ओळीतच लिहा की परिमाण खड्ड्याच्या मापाने आहे. इंग्रजीत "मेजर्ड इन एक्स्कव्हेशन" म्हणतात.

दुसरी गोष्ट ते 17 टीएमसी. हा अर्ज तसाच गेला तर पहिल्याच पानावर थांबेल. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. कोयना धरण साधारण 105 टीएमसीचं. तुमचा पाझर तलाव कोयनेच्या सहाव्या हिश्श्याने वाढणार असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला म्हणायचंय टीसीएम, हजार घनमीटर. 17 टीसीएम म्हणजे 1 कोटी 70 लाख लिटर. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की आकडा 28 हजार पटींनी बदलतो. अर्जात दोन्ही संक्षेप टाळा, "17,000 घनमीटर" असं पूर्ण लिहा.

297 दिवसांबद्दल जेवून लिहितो.

खिलार

मोजणीदारसाहेब, मूळ मराठी कागदावरही टीएमसीच आहे. ग्रामसभेत तसंच वाचलं गेलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मोजमापाचं सरपंचांना आत्ताच फोन करून विचारलं. 6,000 हा आकडा ट्रॉल्यांच्या अंदाजावरूनच काढलाय. छेद कोणी घेतलेले नाहीत.

दादा_सावंतवाडी

आमच्याकडे तर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तरी एप्रिलमध्ये वाडीवर पाणी नसतं. आम्ही डोंगरातल्या झऱ्यावर टाकी बांधली, ग्रॅव्हिटीने पाइप आणला, मोटरच नाही. तुम्ही तलाव-बिलाव सोडा आणि झरा शोधा. अर्ज दीड पानाचा होता, लगेच पैसे मिळाले.

रेवती_दे

दादा, माणदेशात तसे झरे कुठले. पण तुमचा अर्ज दीड पानात का भागला ते इथे कामाचं आहे. झऱ्याचं पाणी बादली आणि घड्याळ घेऊन मोजता येतं, मिनिटाला इतके लिटर. तुम्ही ते मोजलं होतं का?

दादा_सावंतवाडी

होय तर. मे महिन्यात मिनिटाला 14 लिटर. शाळेच्या मास्तरांनी पोरांकडून महिनाभर रोज मोजून घेतलं होतं. तोच कागद जोडला.

मोजणीदार

सावंतवाडीकरांनी मुद्द्याचं सांगितलं. त्यांचं पाणी जिथे येतं तिथेच त्यांनी मोजलं. खिलार यांच्या प्रस्तावात आकडा तलावाचा आहे आणि वचन नळाचं आहे. मधलं अंतर कोणी मोजलेलं नाही.

तलावातून 17,000 घनमीटर गाळ निघाला म्हणजे साठवणीला तेवढी जागा झाली. तलाव भरला तर पाणी, नाही भरला तर रिकामा खड्डा. भरला तरी काही पाणी उन्हाने उडतं, काही जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी तुमच्या एकट्या विहिरीकडे जात नाही, खालच्या अंगाच्या सगळ्या शेतविहिरींना वाटून मिळतं, आणि त्यांच्यावर मोटरी आहेत. म्हणून 17,000 ला 57.2 ने भागणं हा हिशोब गुणाकार-भागाकाराला बरोबर आणि पाण्याला चूक. गाळ निघाला, हे तुम्ही केलेलं काम, म्हणजे आउटपुट. लोकांना मेमध्ये जास्त पाणी मिळालं, हा आउटकम. या दोन ओळी वेगळ्या, आणि दोन्हींची मापंही वेगळी.

आता "भूजल पातळीत भरीव वाढ". समजा तुम्ही लिहिलं की विहिरीतली पातळी एक मीटरने वाढेल. विहीर किती रुंद?

खिलार

आतून सहा मीटर. खोली गावात सात परस सांगतात.

मोजणीदार

परस माणसागणिक बदलतो, टेप सोडून मोजा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे 28 घनमीटर. तुमच्या गावाची रोजची गरज 57. म्हणजे मीटरभर पातळी वाढली तर जमा साठा अर्ध्या दिवसाचा. गाव विहिरीतल्या साठ्यावर जगत नाही, तिच्या आवकीवर जगतं. उपसा केल्यावर पाणी पुन्हा किती तासांत येतं, तो खरा आकडा. म्हणून मुख्य माप असं ठेवा: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीतून रोज सरासरी किती लिटर पाणी मिळालं. मोटरच्या पाइपावर वॉटर मीटर बसवा, रोज सकाळी वहीत आकडा लिहा. पातळी सोबत नोंदवा, पण मोटर चालू व्हायच्या आधी, आणि कठड्यावरून मोजली तर कठड्याची उंची वजा करून. इंग्रजीत "वॉटर लेव्हल" लिहिताना जपा. तुम्ही जमिनीपासून खोली मोजता, त्यामुळे पाणी वाढलं की आकडा कमी होतो. "9 वरून 7" हे वाचणाऱ्याला घट वाटते. "डेप्थ टू वॉटर" लिहा.

आत्ता मेमध्ये रोज किती मिळतं, काही अंदाज?

खिलार

मीटर नाही. वर 50,000 लिटरची टाकी आहे. पाणी सोडणारे मामा म्हणतात, मेमध्ये ती रोज निम्म्याच्या थोडी वर भरते, 30,000 लिटर धरा. म्हणजे सुरुवातीचा आकडा 30,000 आणि उद्दिष्ट 57,200 लिहू का?

मोजणीदार

टँकर येतो ना तुमच्याकडे? तो कुठे रिकामा होतो?

खिलार

विहिरीत. दिवसाला दोन खेपा, दहा हजारांच्या.

थांबा. म्हणजे त्या 30,000 मधले 20,000 टँकरचे. विहिरीचे स्वतःचे फक्त 10,000.

रेवती_दे

माणशी साडेनऊ लिटर. हा आकडा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घ्या. "तीव्र पाणीटंचाई" हे शब्द मी शेकड्याने वाचलेत. माणशी साडेनऊ लिटर एकदाही वाचले नाहीत.

आणि हे आत्ता सापडलं ते फार बरं झालं. 30,000 ही बेसलाईन लिहिली असती आणि तलाव भरून टँकर बंद झाला असता, तर विहीर स्वतःच्या 25,000 लिटरवर चालली असती. गावाचं स्वतःचं पाणी अडीच पट झालं असतं आणि अहवालात मात्र 30,000 वरून 25,000 अशी घट दिसली असती.

आकडेमोड

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 297 दिवसांचं मागे घेतो. पण मग टँकरचे दिवस हेच माप का नको? ते सगळ्यांना कळतं, आणि पंचायतीत खेपांची वही असते, सह्यांसकट.

खिलार

वही आहे. गेल्या उन्हाळ्यात 9 मार्च ते 24 जून, 108 दिवस.

मोजणीदार

वही जोडा, पण टँकरचे दिवस कमी करण्याचं वचन देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. टँकर कधी सुरू होतो आणि कधी बंद, ते विहीर ठरवत नाही, तहसीलचा निर्णय असतो. प्रस्ताव उशिरा गेला तर टँकर उशिरा लागतो, लोकांचे हाल होतात आणि तुमच्या कागदावर यश दिसतं. निवडणुकीच्या वर्षी टँकर पंधरा दिवस जास्त चालतो आणि तुमचं काम फसल्यासारखं दिसतं. ज्या आकड्याची दोरी दुसऱ्याच्या हातात आहे, त्यावर स्वतःची सही करू नये.

रेवती_दे

साहेब, इथे मी वेगळं म्हणेन. निधी देणाऱ्याला लिटर कळतात, पण त्याच्या संचालक मंडळाला टँकरचे दिवस कळतात. ते माप काढलं तर अर्ज कोरडा होतो. मी ते दुय्यम माप म्हणून ठेवेन आणि सोबत गृहीतक लिहीन की टँकर सुरू-बंद करणं प्रशासनाच्या हातात आहे. चांगला वाचणारा ते समजून घेतो.

मोजणीदार

चांगला वाचणारा समजून घेईल. पण दोन वर्षांनी फाइल ज्याच्या हातात असेल तो गृहीतकांचा रकाना वाचत नाही, हे मी सरकारी खात्यात पुष्कळ पाहिलंय. असो, निर्णय गावाने करावा.

खिलार

दोघांचंही पटतंय, शनिवारी गावात विचारतो. आणखी दोन अडचणी आहेत. पाऊसच नाही झाला तर उद्दिष्टाचं काय? आणि गेल्या मेचा मीटरचा आकडा नाही, तर बेसलाईनच्या चौकटीत काय भरू?

मोजणीदार

दुसरीपासून सुरू करतो, कारण तिचं उत्तर तुमच्या वेळापत्रकातच आहे. गाळ काढायचा तो तलाव आटल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये. पैसे एप्रिलपर्यंत आले तर मीटर आधी बसवा आणि मेच्या शेवटच्या आठवड्याचं माप घ्या. तीच तुमची पक्की बेसलाईन, कारण त्यानंतरच पाऊस पडून तलाव भरणार. आज अर्जात लिहा: सुमारे 10,000 लिटर, टाकीचा भराव आणि टँकरची नोंदवही यांवरून काढलेला अंदाज, येत्या मेमध्ये मीटरने पक्का केला जाईल. अंदाजाला अंदाज म्हटलं की कोणी धरत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घेतात. तुमच्या जवळच्या विहिरीचे जुने आकडे जिल्हा कार्यालयात मागा, आसपासच्या भूजलाची चाल दाखवायला उपयोगी पडतील.

यातून आणखी एक निघतं. परिणाम दिसणार पुढच्या वर्षीच्या मेमध्ये. तुम्ही कालावधी सहा महिने लिहिलाय. म्हणजे ऑक्टोबरमध्ये अंतिम अहवाल द्यायचा, तेव्हा तलाव भरलेला असेल, फोटो छान येतील, आणि टंचाईच्या दिवसांबद्दल एक शब्दही खरा लिहिता येणार नाही. कालावधी चौदा महिने करा, एप्रिल ते पुढचा मे अखेर. कामं पहिल्या तीन महिन्यांत, बाकी सगळं मोजमाप.

पावसाचं म्हणाल तर एक साक्षीदार विहीर निवडा. त्याच खडकातली, साधारण तेवढ्याच उपशाची, पण तलावाच्या प्रभावाबाहेर, वरच्या अंगाला किंवा शेजारच्या ओढ्यावर. दोन्ही विहिरींची पातळी दर महिन्याला एकाच दिवशी घ्या. पाऊस कमी झाला तर दोन्ही खाली जातील, पण तुमची कमी जाईल. तो फरक तुमच्या कामाचा. शाळेत पर्जन्यमापक लावा. आणि उद्दिष्टाला अट जोडा की तलाव पावसाळ्यात किमान एकदा सांडव्यापर्यंत भरला तर.

रेवती_दे

मीटर, पर्जन्यमापक, टेप, छेद घ्यायचे पैसे यांना स्वतंत्र ओळ द्या. वर तुमच्या "किरकोळ व इतर 1,50,000" मध्ये हे कुठेच दिसत नाही. ती ओळ तशीच राहिली तर समिती तीच आधी कापेल. त्यात काय काय होतं?

खिलार

खरं सांगायचं तर उद्घाटन, फलक, जेवण, आणि "डिझेल वाढलं तर".

रेवती_दे

मग उद्घाटन आणि जेवण गावाने करावं. डिझेलसाठी "कंटिंजन्सी" ठेवा, फक्त बांधकामाच्या ओळींवर पाच टक्के, आणि कशासाठी वापरणार ते एका वाक्यात लिहा. तुमचं श्रमदान कुठे आहे? गाव काहीच करणार नाही का?

खिलार

करणार आहे. सांडव्याखालचा चर मोकळा करायचा आणि बांधावरची झुडपं काढायची, 500 माणसांचं एकेक दिवसाचं काम ठरलंय. गाळ शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने नेणार. त्याचे पैसे कुठे द्यायचे नाहीत, म्हणून लिहिलं नाही.

रेवती_दे

ते लिहायचंच. श्रमदानाला "डोनेशन" म्हणू नका, "इन-काइंड कम्युनिटी कॉन्ट्रिब्युशन" म्हणा. 500 मनुष्यदिवस, दर रोजगार हमीचा. 2025-26 साठी महाराष्ट्रात तो 312 रुपये आहे. म्हणजे 1,56,000. ही रक्कम मागणीच्या बेरजेत येत नाही, शेजारच्या रकान्यात येते. हजेरीपट ठेवा, अंगठा किंवा सही. मात्र जे काम ठेकेदाराच्या ओळीत आहे तेच श्रमदानात दाखवू नका. चर ठेकेदाराच्या एस्टिमेटमध्ये असेल तर तिथून आधी काढून घ्या. गाळवाहतूक रुपयांत दाखवायची असेल तर ट्रॅक्टरच्या खेपांची नोंद लागेल. ती ठेवणं जमणार नसेल तर रक्कम न लिहिता एक वाक्य लिहा.

आशा_आटपाडी

मी याच भागातली, अंगणवाडीत काम करते. सगळं वाचलं. "महिलांचा त्रास वाचेल" हे वाक्य पहिल्या पोस्टनंतर कुठे गेलं? टँकरचं पाणी विहिरीत ओतलं की ते शेंदायला बाया उभ्या राहतात, कारण लाइट नसली की टाकी भरत नाही. तुमचं मीटर फक्त पाइपातलं पाणी मोजणार. शेंदलेले हंडे कोण मोजणार?

मोजणीदार

ताई, तुमचं बरोबर आहे. मी पाइपावरच विचार केला. शेंदलेलं पाणी मीटरला दिसत नाही, म्हणजे 10,000 हा आकडाही थोडा कमी धरलेला आहे.

रेवती_दे

आशाताई, वेळ मोजता येईल का? चाळीस घरं निवडून मेच्या एका आठवड्यात, पाण्याला दिवसाचे किती तास गेले एवढंच विचारायचं. पुढच्या मेमध्ये त्याच घरांना पुन्हा.

आशा_आटपाडी

विचारलं तर बाया सांगतील "लई वेळ जातो". घड्याळ बघून कोण पाणी भरतंय. त्यापेक्षा विहिरीवर सकाळी सहा ते नऊ दोन पोरी बसवा, किती हंडे शेंदले त्याची रेघ मारतील. हंडा किती लिटरचा ते एकदा मापून घ्या, सगळ्यांचे सारखे नसतात. तीन दिवस केलं तरी कळेल.

खिलार

आशाताई, हे करतोच. पण तो आकडा आत्ता माझ्याकडे नाही, त्यामुळे यंदा उद्दिष्ट न लिहिता "मोजणार आहोत" एवढंच लिहीन. पोरींचं मानधन मोजमापाच्या ओळीतून देता येईल.

आता नवीन मसुदा देतो. आधी मराठी आकड्यात बसवलं, मग इंग्रजी केलं, आणि या वेळी इंग्रजी करायला वीस मिनिटं लागली.

पाझर तलावातील गाळ काढणे, 17,000 घनमीटर, खड्ड्याच्या मापाने, दर 35, रक्कम 5,95,000. सांडवा दुरुस्ती, एक काम, जोडलेल्या एस्टिमेटप्रमाणे, 2,40,000. पुनर्भरण शाफ्ट, 2 नग, दर 85,000, रक्कम 1,70,000. मोजमाप, म्हणजे वॉटर मीटर, पर्जन्यमापक, छेद आणि नोंदी, 38,000. कंटिंजन्सी, पहिल्या तीन ओळींच्या 10,05,000 वर पाच टक्के, 50,250. एकूण मागणी 10,93,250. गावाचं श्रमदान वेगळ्या रकान्यात, 1,56,000.

परिणाम: मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीचं स्वतःचं पाणी, टँकरचं वजा करून, रोज सुमारे 10,000 लिटरवरून 25,000 लिटरवर जाईल, म्हणजे माणशी साडेनऊवरून 24 लिटर. अट: आधीच्या पावसाळ्यात तलाव किमान एकदा सांडव्यापर्यंत भरलेला असावा. पडताळणी: मीटरची रोजची वही, टँकरची नोंदवही, साक्षीदार विहिरीची मासिक पातळी. कालावधी 14 महिने.

25,000 धाडसाचं आहे का?

मोजणीदार

17,000 हा आकडा छेद घेतल्याशिवाय पाठवू नका. तो अजून ट्रॉल्यांवरूनच आलेला आहे. छेदांवरून 13,000 निघाले तर रक्कमही बदलेल आणि हे 25,000 सुद्धा. विहिरीची आवक तलावाशी किती जोडलेली आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, तलाव भरतो त्या वर्षी पिण्याच्या विहिरीचं पाणी किती दिवसांनी चढतं. दहा-पंधरा दिवसांत चढत असेल तर 25,000 ठेवा. कोणाला असं काही आठवतच नसेल तर 18,000 लिहा.

आकडेमोड

पण 24 लिटर वाचून कंपनी म्हणणार नाही का, की 55 चं प्रमाण असताना आम्ही निम्म्याहून कमीला पैसे का द्यायचे?

रेवती_दे

विचारू शकतात. मी तरी 10 वरून 24 असं मोजून दाखवणाऱ्या गावाला पैसे दिले असते. सगळ्या समित्या तसा विचार करतील असं मात्र म्हणता येत नाही. उरलेलं पाणी कुठून येणार, त्यावर दोन ओळी लिहा.

आणि खिलार, रकमा आकड्यांत पूर्ण लिहा, 10.93 लाख असं नको. कंपनी देशातलीच आहे ना? पैसा परदेशी संस्थेचा असेल तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तुमच्या संस्थेला तो घेताच येणार नाही, मग हे सगळं बाजूला ठेवावं लागेल.

खिलार

देशातलीच, मुंबईची. संस्थेची सीएसआर-1 नोंदणी झालेली आहे.

शनिवारी गावी जातोय. तालुक्यातले एक सर्व्हेअर लेव्हल मशीन घेऊन यायला तयार झालेत, दिवसभरात तलावाचे सहा छेद होतील म्हणाले. सोबत 30 मीटरचा टेप आणि ओळंबा नेतोय, विहिरीचे सात परस म्हणजे किती ते रात्री इथे लिहितो.